शहर हितंच का वाढलं

वैनी समाजविज्ञानात दोन मार्कांनी नापास झाली, आन् मी हातातला पाना तसाच घेऊन श्रेयांस सरांच्या घराकडं निघालतो. गॅरेजचा मालक मागनं वरडला, आरं पाना तरी ठेव. मग ठेवला. न्हायतर सरांच्या बायकोला वाटलं आसतं मारायलाच आलाय.

वैनी म्हंजे आमच्या नागेंद्र आण्णाची बायको, प्रियदर्शनी. माहेर तिचं कणकुंबीचं, पार जंगलात. हायस्कूल लांब, म्हनून नववीनंतर शाळा सुटली. एकोनिसाव्या वर्षी आमच्यात आली ती, आता चोविसावं चाललंय. आमचं गाव सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेच्या काठाला. गावच्या दूध डेअरीत दूध तपासतात ते रायाप्पा आजा आता थकल्यात, त्येंची जागा रिकामी व्हनार हुती. डेअरीवाल्यांनी सांगितलं, जूनच्या शेवटापतोर थांबतो, पन दहावी पास पायजे. वैनीनं लगीच बाहेरनं फॉर्म भरला. चुलीपाशी पुस्तक, गोठ्यात पुस्तक. कन्नडपासनं गनितापतोर सगळ्यात पास झाली. आडली ती एकट्या समाजविज्ञानात.

मी सोता नववीतनं सुटलोय. एका सरांनी फळ्यावर गनित चुकवलं, मी बोललो, त्येंनी उभा केला, मी दप्तर बाकावरच टाकून घरी आलो. त्येला दोन वर्सं झाली. आता पुलाच्या तोंडाला गॅरेज हाय, तितं काम करतोय. म्हनून मास्तर लोकांचं मला पयल्यापासनंच पटत न्हाय.

वैनीनं उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी आनलाइन मागवलेली. ती माझ्या मोबाईलवर उघडली तर आमी दोघंबी पडवीत बसलो आन् एकेक पान बोटानं मोठं करून बगितलं. नकाशाचा प्रश्न हुता, चार मार्काचा. नकाशात एक लांब नदी, तिच्या काठाला शहर, आन् प्रश्न आसा, की नदी ओलांडायच्या या ठिकाणी मोठं शहर का वाढलं, कारनं लिहा. वैनीनं पान भरून लिवल्यालं. आक्षर मोत्यासारखं. आन् समासात लाल आकडा, एक.

"शब्दाला शब्द हाय बगा भावजी," वैनी म्हन्ली. "सरांनी दिल्यालं मॉडेल आन्सर. एक वेलांटी सुद्दा इकडंतिकडं न्हाय."

मग चूक तपासनाऱ्याची, न्हायतर सरांची. तपासनारा कुठल्या गावचा कुनाला ठावं. सर दोन गल्ल्या सोडून हुते. गॅरेजात जाऊन पाना हातात धरला तरी ते डोक्यातनं जाईना, मग निघालोच.

श्रेयांस सर मूळचे निपाणीचे, जैन. आमच्या गावात लगीन करून आले आन् हितलेच झाले. रिटायर होऊन चार वर्सं झाली तरी पडवीत ट्युशन घेतात, फी मागत न्हाईत, कोन देईल ते घेतात. बावीस वर्सं त्येंची मॉडेल आन्सरं ह्या भागात झेरॉक्स होऊन फिरत्यात. आईबापानं पाठ केल्याली उत्तरं आता पोरं पाठ करत्यात. आमच्या आईला, जयाबाईला, लिवायवाचायला येत न्हाय, पन वैनीचं ऐकून ऐकून तिला सुद्दा ते शहराचं उत्तर पाठ झाल्यालं.

मी गेलो तवा सर चष्मा पुसत बसल्याले. मी मोबाईल त्येंच्या म्होरं धरला आन् आवाज चढवूनच सांगितलं, की तुमचं उत्तर लिवून आमची वैनी नापास झाली. सर चिडले न्हाईत. त्येंनी मोबाईल नाकाला लावून उत्तर वाचलं, मनातल्या मनात हसले, आन् म्हन्ले की हे बरोबर हाय. पान्याची सोय. सुपीक जमीन. दळणवळण. व्यापार. उदाहरन, निपाणी. ह्या उत्तरावर हजार पोरं पास झाल्यात.

मी परत वाचलं. खरं सांगतो, तवर मी बी ते नीट वाचलं नव्हतं. निपाणीपाशी माझं डोळं थांबलं.

"सर," मी म्हन्लं, "निपाणीला नदी कुठाय?"

सरांनी मोबाईल परत नाकाला लावला.

निपाणीत जन्मल्याला मानूस. नदी हाय ती यमगर्णीला, गावापासनं लांब, आन् हे सगळ्यांस्नी ठावं हाय. मग झालं काय, ते सरांनीच हळूहळू सांगितलं. फार वर्सांमागं त्येंनी उत्तराच्या शेवटाला लिवल्यालं, की उदाहरन म्हनून आपल्या जवळचं मोठं शहर लिहा. म्हंजे नदीकाठचं, हे त्येंनी तोंडानं सांगितल्यालं, कागदावर न्हाय. कुन्या तरी पोरानं तितं निपाणी लिवलं, त्येच्या वहीची झेरॉक्स निघाली, आन् तीच फिरत ऱ्हायली. चिकोडीकडचं पोरगं बी निपाणीच लिवायचं, सदलग्याचं बी. सरांकडं माघारी आलेला कागद सुद्दा तोच, आन् त्येंनी बी तोच पुढं वाटला. कुनी वाचलाच न्हाय, सगळ्यांनी पाठ केला.

मला वाटलं आता सर शरमतील. पन मास्तर तो मास्तर. त्येंनी मलाच विचारलं, की उदाहरन सोड, त्येला पूर्न मार्क जात न्हाईत, तीन कशाला गेले ते सांग.

मला राग आला, कारन मला येत नव्हतं. राग आला की माझं डोकं जरा बरं चालतं. मी पयला मुद्दा वाचला, पान्याची सोय. मी म्हन्लं, पानी तर नदीला वरपासनं खालपतोर हाय. आमच्या गावाला बी हाय. सदलग्याला बी हाय. मग पानी हाय म्हनून त्याच जागी शहर झालं, हे कसं म्हनायचं. जमिनीचं बी तसंच. काळी जमीन काय एकट्या शहराखाली आस्ती व्हय.

सरांनी चष्मा घातला आन् माझ्याकडं बगितलं, शाळेत कुनी बगितलं नव्हतं तसं.

"हेच," सर म्हन्ले. "प्रश्न नदीचा नाही, जागेचा आहे. मी बावीस वर्षं नदीचं उत्तर देत आलो."

मला म्हन्ले, उद्या सांच्याला वैनीला घेऊन ये. आन् येताना एक विचार करून ये. तुमच्या गावाला पूल हाय. म्हंजे नदी ओलांडायची जागा हाय. मग तुमचं गाव शहर का झालं न्हाय?

ते मला डाचलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पंक्चर काढता काढता मी नुस्ता पुलाकडं बगत हुतो. मोटरसायकली आल्या, गेल्या. ऊसवाल्याचा रिकामा ट्रॅक्टर आला, गेला. कोन थांबतंय? टायर फुटला तरच. पुलाच्या तोंडाला आदी मालुबाईची हॉटेल हुती, भजी आन् चा. जुना पूल खालतीच हुता. पावसाळ्यात त्येच्यावरनं पानी जायचं, मग दोन्ही बाजूला गाड्या तासन् तास थांबायच्या आन् मालुबाई घामाघूम व्हायची. नवा उंच पूल झाला, गाड्या थांबायच्या बंद झाल्या, हॉटेल बी बंद झाली. हे मी डोळ्यानं बगितल्यालं. पन त्येचं आन् शहराचं काय, ते मला जोडता येईना.

घरात आनिक एक भांडन लागल्यालं. आण्णाचं म्हननं, फेरतपासनीला अर्ज घालायचा, दोन मार्क तर पायजेत, कोनतरी देईलच. वैनी म्हन्ली, घालायचा न्हाय. मी पयल्यांदा आण्णाच्या बाजूनं हुतो. परत परीक्षा म्हंजे परत सगळं पाठ करा, त्यापेक्षा अर्ज बरा.

वैनी भाकरी थापत थापत म्हन्ली, "मार्क बरोबर दिल्यात वो. मी वाचलं परत. नकाशात काय हाय त्येचा एक शब्द न्हाय माझ्या उत्तरात. नकाशा झाकून ठेवला तरी माझं उत्तर तेच आसतं."

आण्णानं अर्जाचा नाद सोडला. मला वैनीचा राग आला आन् कौतिक बी वाटलं, दोन्ही एकदम. पन दुसरी परीक्षा मेच्या शेवटाला. तीत पडली तर डेअरीची जागा गेली. हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठावं हुतं.

सांच्याला आमी सरांच्या पडवीत बसलो. सर दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हनून त्येंचं जेवन उरकल्यालं आन् बायकोनं आमच्या हातावर गूळशेंगा ठेवल्या. सरांनी परीक्षेचा नकाशा फळ्यावर काढला. नदी काढली. वरच्या अंगाला दोन्हीकडनं दाट उंचीच्या रेघा, म्हंजे खोल दरी. खालच्या अंगाला दलदलीच्या खुना. मधे एका जागी नदी चिंचोळी, काठ घट्ट, आन् एका काठाला थोडा उंचवटा. तितंच शहर. चारी दिशांनी रस्ते येऊन तितं मिळाल्याले.

मग सरांनी माझ्याकडं बगून विचारलं, सांग, तुमचं गाव शहर का झालं न्हाय. मी मालुबाईच्या हॉटेलीचं सांगितलं, गाड्या थांबत्यात तवाच धंदा व्हतो म्हन्लं. सर म्हन्ले, आर्धं आलं. बाकीचं आर्धं?

वैनी मघापासनं फळ्याकडंच बगत हुती. ती बोलायला लागली तवा सरांकडं न बगता फळ्याकडंच बगून बोलली.

तिनं सांगितलं, की तिच्या माहेराला मलप्रभा उगवती. उन्हाळ्यात तितं ती एवढीच आस्ती, की शाळेला जाताना पोरी दप्तरासकट उडी मारून पार व्हायच्या. वाटंल तितनं. म्हनून तितं नदीमुळं कोन थांबत न्हाय, आन् कोन एका जागी गोळा बी व्हत न्हाय. आन् हितं दूधगंगेला काय, थोड्या थोड्या अंतरावर पूल न्हायतर बंधारा. ह्या वाटेनं न्हाय तर त्या वाटेनं. मानसं वाटून जात्यात.

"म्हंजे नदी आडवी पायजे," वैनी म्हन्ली. "सगळीकडं आडवी. आन् एकाच जागी वाट देनारी."

सरांनी हातातला खडू तिच्याकडं केला. ती घेईना. मी म्हन्लं, घे की वैनी, चावत न्हाय. मग घेतला. हात धुवायला उठल्यागत उठली आन् फळ्यापाशी उभी ऱ्हायली.

त्या सांच्याला नवं उत्तर तयार झालं. निम्मं वैनीचं, निम्मं सरांचं, आन् मधे मधे मी. मी नुस्तं एकच काम करायचो. वैनीनं काय बी सांगितलं की विचारायचो, हे सगळ्या नदीला लागू हाय का ह्याच जागेला? सगळ्या नदीला लागू आसलं की ते पुसायचं. पान्याची सोय पुसली. सुपीक जमीन पुसली. दळणवळण ह्या शब्दापाशी लई वेळ गेला. सर म्हन्ले ठेवा, वैनी म्हन्ली नुस्ता शब्द काय कामाचा, रस्ते हितंच का आले ते सांगाय पायजे. रस्ते हितं आले कारन वर दरी आन् खाली दलदल, दुसरीकडनं लांबपतोर पार व्हताच येत न्हाय.

माल थांबतो हे माझ्यामुळं आलं. मी म्हन्लं, पूल नंतरचा. पयलं उथळ पान्यातनं चालत, मग नावेतनं. नावेत बैलगाडी कशी जानार? माल उतरवा, नावेत भरा, पल्याड परत गाडीत भरा. पूर आला तर आठवडाभर बसा. बसल्यावर मानूस खानार, झोपनार, चाक मोडलं तर सुतार शोधनार. कोठार लागनार. सर म्हन्ले, आन् दोन्ही काठाचा माल वेगळा आसला तर तिथंच अदलाबदल, पुढं न्यायचीबी गरज न्हाय. बाजार तितंच. सगळ्यांस्नी तितनंच जावं लागतंय म्हनल्यावर राजा जकात तितंच घेनार, ठानं तितंच बसवनार.

"मग पूल?" वैनीनं विचारलं.

सर म्हन्ले, मोठा पूल बांधायला खर्च लागतो, जिथं मानसं आधीच येतात तिथंच तो बांधतात. पुलानं शहर केलं आसं लिवू नका. गर्दीनं पूल आनला, पुलानं आनिक गर्दी आनली, मग रेल्वेबी तितंच आली. एकदा वाढायला लागलं की वाढच वाढीला वढती. म्हनूनच पुढं नाव गेली, थांबायचं संपलं, तरी शहर काय उठून जात न्हाय. मालुबाईची हॉटेल एकटी हुती, म्हनून गेली.

शेवटाला सरांनी ते वहीत स्वच्छ लिवलं. आमच्या बोलीतलं काडून त्येंच्या पुस्तकी भाषेत केलं, पन मला ते तसंच आवडलं:

"नदी लांबच लांब असूनही शहर एकाच जागी वाढले, कारण वरच्या बाजूला खोल दरी व खालच्या बाजूला दलदल असल्याने नदी ओलांडणे केवळ याच अरुंद व घट्ट काठांच्या जागी शक्य होते. त्यामुळे दोन्ही काठांवरील रस्ते येथे एकत्र आले. ओलांडण्यासाठी माणसांना व मालाला थांबावे लागे, म्हणून मुक्कामाच्या जागा, कोठारे, कारागीर आणि बाजार उभे राहिले. दोन्ही काठांवरील वेगवेगळ्या मालाची येथे देवाणघेवाण झाली. काठावरील उंचवट्यामुळे वस्ती पुरापासून सुरक्षित राहिली व वाटेवर लक्ष ठेवता आले. वस्ती वाढल्यावर पूल व लोहमार्गही येथेच झाले आणि त्यामुळे शहर आणखी वाढले."

खाली उदाहरनाला जागा सोडली न्हाय. मी विचारलं तर म्हन्ले, नकाशा हेच उदाहरन.

वैनीनं वही मागितली. पाठ करायला. सरांनी दिली न्हाय. पयल्यांदाच आसं झालं, की सरांनी मॉडेल आन्सर कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हन्ले, नकाशे देतो, रोज एक. घाट हाय, बंदर हाय, नदी हाय. उत्तर तूच काड.

वैनी वाटेत रडकुंडीला आल्याली. पाठ केल्याशिवाय ती परीक्षेला कदीच बसली नव्हती. मी म्हन्लं, तुझ्या सरांवर माझा काडीचा भरोसा न्हाय, पन हे त्येंचं बरोबर हाय. ती म्हन्ली, तुमचा कुनावर भरोसा हाय भावजी. मी म्हन्लं, इंजान चालू झालं तरच.

महिनाभर आमच्या घरात नकाशे. आई भाजी निवडता निवडता विचारायची, ही रेघ काय गं. वैनी सांगायची. आई सगळं ऐकून म्हनायची, मग हितं घर बांधू नगंस, पानी शिरंल. आन् ते बरोबर आसायचं. आण्णा ट्रकवर ड्रायव्हर, ट्रीपवरनं आला की म्हनायचा, ह्या घरात आता भाकरी बी उत्तर दक्षिन बगून थापत्यात.

परीक्षेला मीच तिला गाडीवरनं सोडलं. तीन तास झाडाखाली बसलो. ती बाहेर आली ती तोंडावर काय बी न दाखवता आली आन् गाडीवर बसली. अर्धा रस्ता सरला. मग मागनं सांगायला लागली. नकाशाचा प्रश्न आल्ता, पन तो न्हवं. ह्या नकाशात नदीवर दोन पूल. अ आन् ब. शहर एकट्या अ पाशी. ब पाशी नुस्तं खेडं. का?

मी गाडी बाजूला घेतली. म्हन्लं, काय लिवलंस.

तिनं लिवल्यालं, की ब पाशी नदीपल्याड लगीच डोंगर, वाट तितंच संपती, पल्याडनं यायला मुलूखच न्हाय. अ पाशी दोन्हीकडं सपाट मुलूख आन् रस्ते पाच. ब चा काठ बी सखल, पुराच्या खुना हायत. आन् पूल दोन्हीकडं सारखाच हाय, म्हनून पूल हे कारन धरता येत न्हाय. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

"सरांच्या उत्तरात हे नव्हतं," ती म्हन्ली. "मी लिवलं. चुकलं आसलं तर माझंच चुकलंय."

मी गाडीला किक मारली.

निकाल जूनमधे लागला. समाजविज्ञानात एक्कावन्न. श्रेयांस सर सांच्याला जेवन उरकून आमच्याकडं आले आन् वैनीला म्हन्ले, त्या चार मार्काच्या उत्तराची स्कॅन कॉपी मागव, मला बगायचंय. ती म्हन्ली, पास झाले की आता, कशाला. सर म्हन्ले, तुझ्यासाठी न्हाय, माझ्यासाठी. कॉपी आली. चारपैकी चार. सरांनी ते पान झेरॉक्स केलं, आन् आमच्या पडवीत बसून माझ्यादेखत त्येच्यावर लाल पेनानं लिवलं, हे पाठ करू नये.

जुलैच्या एक तारखेला वैनी डेअरीत बसली. पहाटं साडेपाचला रांग लागली, त्या रांगेत आमची आई किटली घेऊन. बायांस्नी सांगत हुती, आमची सून आता दूध तपासती, कुनाचं काय चालायचं न्हाय. तिची पाळी आली. वैनीनं दूध घेतलं, यंत्राखाली धरलं, आकडा बगितला, परत धरला.

"जयाबाई," ती सगळ्यांच्या देखत म्हन्ली, "फॅट कमी लागलंय. पानी पडलंय ह्यात."

आई जागच्या जागी थिजली. रांग हसायला लागली. मी मागं गाडीवर बसल्यालो, मी बी हसलो, मग आईचं तोंड बगून गप झालो. आईनं किटली उचलली, पावती घेतली, आन् दारात येऊन मला म्हन्ली, किटली धुतल्यावर पानी निथळलं नसंल. मग जरा पुढं गेल्यावर, मला ऐकू जाईल आसं, पन माझ्याकडं न बगता म्हन्ली, "बरोबर पकडलं पोरीनं."